व्याख्या पाठ, तरी उत्तर उलटे

पालकाचे पत्र

माझी मुलगी आठवीत आहे. पेशीचा धडा तिला तोंडपाठ आहे; मी स्वतः पुस्तक हातात धरून दोनदा म्हणवून घेतला. तरी घटक चाचणीत 20 पैकी 9 गुण आले. कांद्याची पेशी मिठाच्या पाण्यात ठेवली तर काय होईल, असा प्रश्न होता. तिने आधी परासरणाची व्याख्या लिहिली आणि पुढे लिहिले की बाहेर संहती जास्त असल्यामुळे पाणी आत शिरेल व पेशी फुगेल. त्याला शून्य मिळाले. शिकवणीच्या मॅडम नोट्स देत नाहीत, मुलांना बटाटे कापायला लावतात. तालुक्याला दुसरी शिकवणी आहे, तिथे छापील नोट्स मिळतात. यंदा तिला एनएमएमएस शिष्यवृत्तीच्या परीक्षेलाही बसवायचे आहे. मी सातवी शिकलेला शेतकरी, मला यातले फारसे कळत नाही. शिकवणी बदलावी का?

— एक पालक, दर्यापूर तालुका

उत्तर

भाऊ, मुलीने लिहिलेले उत्तर आपण पत्रात उतरवून पाठवले, ते बरे झाले. नुसते गुण कळवले असते, तर मला चार मोघम वाक्यांपलीकडे काही सांगता आले नसते. मीही एका खेड्यात आठवी ते दहावीच्या मुलांची शिकवणी घेतो, आणि नेमके हेच उत्तर मी इतक्या वह्यांमध्ये पाहिले आहे की ते कुठून येते हे आता ओळखू येते.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या मुलीचे उत्तर चुकीचे असले तरी आंधळेपणाने लिहिलेले नाही. तिला दोन व्याख्या पाठ आहेत. एक विसरणाची, जिच्यात पदार्थाचे कण जास्त संहतीकडून, म्हणजे जिथे त्यांचे प्रमाण जास्त तिथून, कमी संहतीकडे जातात. उदबत्तीचा वास घरभर पसरतो तो असा. दुसरी परासरणाची, जिच्यात पाणी निवडक्षम पटलातून एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाते. दोन्ही व्याख्या एकाच पानावर असतात, एकापाठोपाठ पाठ केल्या जातात, आणि दोन्हींत 'जास्त' आणि 'कमी' हे शब्द येतात. प्रश्नात मीठ दिसले. मीठ बाहेर जास्त आहे, म्हणजे जास्त संहती बाहेर, म्हणजे प्रवास बाहेरून आत, म्हणजे पेशी फुगणार. पायरीगणिक पाहिले तर तिचा तर्क बरोबर चालला आहे. फक्त पहिल्याच पायरीवर तिने एक प्रश्न विचारला नाही: संहती कशाची? मिठाची की पाण्याची?

मिठाची संहती बाहेर जास्त असेल, तर पाण्याचे प्रमाण बाहेर कमी असते. परासरणात प्रवास पाण्याचा होतो, म्हणून हिशेबही पाण्याचाच धरायचा. पाठांतर कितीही घोटून घेतले तरी ही चूक त्यातून उघडी पडत नाही, कारण व्याख्या घडाघडा म्हणताना मूल 'संहती' या शब्दावर थांबतच नाही आणि ऐकणारा माणूसही थांबवत नाही. आपण दोनदा म्हणवून घेतले, दोन्ही वेळा ती बरोबरच म्हणाली असणार. चूक त्या शब्दाच्या पोटात होती.

हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही. शिकवणी सुरू केली तेव्हा मीही नोट्स उतरवून देत असे. एका वर्षी विसरण आणि परासरण या दोन्हींखाली मी घाईघाईत 'जास्त संहतीकडून कमी संहतीकडे' असेच सांगितले आणि परासरणापुढे 'पाण्याच्या' हा शब्द सांगायचा राहून गेला. त्या तुकडीतल्या चौदाच्या चौदा मुलांनी परीक्षेत एकच चुकीचे उत्तर एकाच शब्दांत लिहिले. कुणा एकालाही ते खटकले नव्हते. एखाद्याने घरी कैरीच्या फोडींना मीठ लावताना पाहिले असते आणि त्या उत्तराशी ताडून पाहिले असते, तर त्याने मला वर्गातच अडवले असते. कारण फोडींना रात्री मीठ चोळून ठेवले की सकाळी पातेल्यात पाणी सुटलेले असते आणि फोडी आक्रसलेल्या असतात. फुगलेल्या फोडी कुणी पाहिल्या आहेत?

आता बटाट्यांकडे येऊ, कारण आपल्या पत्रातला खरा राग त्यांच्यावर आहे.

मॅडम नेमके काय करून घेतात ते मला ठाऊक नाही, पण हा प्रयोग साधारण असा असतो आणि तो आपल्याला घरीही करता येईल. एकाच कच्च्या बटाट्याच्या, बोटाच्या निम्म्या जाडीच्या, मोजपट्टीने बरोबर 5 सेंटिमीटर लांबीच्या काड्या कापायच्या. एक काडी साध्या पाण्याच्या पेल्यात टाकायची. दुसरी अशा पेल्यात टाकायची, ज्यातल्या सुमारे 200 मिलिलिटर पाण्यात चहाचे दोन चमचे मीठ विरघळवलेले आहे. दोन तास हात लावायचा नाही. मग दोन्ही काड्या काढून, फडक्याने टिपून, आधी मोजायच्या आणि नंतर बोटांनी वाकवून पाहायच्या. साध्या पाण्यातली काडी कडक झालेली असते आणि वाकवायला गेले तर कट्कन मोडते. लांबीही किंचित, एखाद-दोन मिलिमीटरने वाढलेली आढळते. मिठाच्या पाण्यातली काडी बोटाभोवती गुंडाळता येईल इतकी लुळी पडते आणि लांबीने कमी भरते.

या लुळ्या काडीला मूल विसरत नाही, हा माझा अनुभव आहे. पण केवळ गंमत म्हणून ती दाखवली तर उपयोग अर्धाच. खरा धडा पुढच्या प्रश्नांत आहे. पाणी कुठून कुठे गेले? काडीतून बाहेर. का? हे समजावण्यासाठी मी मुलांना वजनाचा सोपा हिशेब घालतो. बाहेरच्या पेल्यात 100 ग्रॅम द्रावण घेतले आणि त्यात 5 ग्रॅम मीठ असेल, तर पाणी उरले 95 ग्रॅम. पेशीच्या आतले द्रावण त्याहून पातळ आहे. समजा त्यात 100 पैकी 98 भाग पाणी आहे. मग पाणी जास्त कुठे? आत. म्हणून ते बाहेर निघते. साध्या पाण्याच्या पेल्यात बाहेर 100 भाग पाणी आणि आत 98, म्हणून पाणी आत शिरते. हा हिशेब ढोबळ आहे. खरे पाहता किती ग्रॅम विरघळले यापेक्षा किती कण विरघळले यावर सारे ठरते, पण ते पुढच्या इयत्तांत येईल. आठवीच्या मुलीला 'कशाचे प्रमाण?' हे विचारायची सवय लागली की एवढ्यावर काम भागते.

आता उकडलेल्या बटाट्याची तिसरी काडी घ्यावी. ती साध्या पाण्यात कितीही वेळ ठेवली तरी कडक होत नाही. आपल्याकडचे बहुतेक प्रयोग ही काडी गाळतात आणि मला ते खटकते, कारण परासरणाच्या व्याख्येतल्या 'निवडक्षम पटल' या शब्दांचा अर्थ तिच्याशिवाय हाती लागत नाही. कच्च्या बटाट्यातली प्रत्येक पेशी जिवंत असते आणि तिच्याभोवतीचे प्रद्रव्यपटल पाण्याला सहज वाट देते, पण मीठ-साखरेला सहजासहजी देत नाही. उकळत्या पाण्याने ते पटल मोडते. पेशीची भिंत बऱ्याच अंशी उरते, स्टार्च उरतो, पाणीही असते. अडवणारा मात्र उरत नाही, त्यामुळे फुगणे-आक्रसणेही थांबते. मुलाने ही काडी हाताळली की 'निवडक्षम' हा शब्द त्याला पाठ करावा लागत नाही. मनुका भिजवण्याचा जो प्रयोग सगळीकडे करतात तो सोपा आहे, पण मनुकेत जिवंत पेशी दाखवता येत नाहीत, म्हणून माझे मत बटाट्याच्या बाजूने आहे.

इथे एक गफलत हमखास होते. घरात आपण म्हणतो, मीठ पाणी ओढून घेते. बोलायला ते ठीक आहे, पण मुलाला वाटते की मीठ आत जाऊन पाण्याला बाहेर ढकलते. प्रत्यक्षात पाण्याचे कण पटलातून दोन्ही दिशांनी ये-जा करीतच असतात. जिकडे पाणी जास्त तिकडून निघणारे जास्त, एवढाच फरक. हे कळले आहे की नाही, ते एका प्रश्नाने ओळखता येते. आत-बाहेर सारख्याच तीव्रतेचे, म्हणजे समपरासारी द्रावण असेल, तर पाण्याची हालचाल थांबते का? पाठ करणारे मूल 'थांबते' म्हणेल. समजलेले मूल म्हणेल की जितके जाते तितकेच येते, म्हणून पेशीचा आकार बदलत नाही. चार पर्यायांच्या परीक्षेत हे दोन्ही पर्याय शेजारी-शेजारी छापलेले असू शकतात, आणि छापील नोट्स वाचलेल्या मुलाला दोन्ही ओळखीचे वाटतात.

समपरासारी हा शब्द मुलांना जड जातो, म्हणून मी सलाईनची बाटली दाखवतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात साध्या सलाईनच्या बाटलीवर 0.9 टक्के सोडियम क्लोराइड असे लिहिलेले असते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. एवढेच मीठ का? कारण रक्तातल्या लाल पेशींशी ते जुळते. त्या बाटलीऐवजी कुणी नुसते शुद्ध पाणी शिरेतून दिले, तर लाल पेशींत पाणी शिरेल, त्या फुगतील आणि फुटतील. मग मुले आपणहून विचारतात की बटाट्याच्या पेशीत पाणी शिरले तेव्हा ती का फुटली नाही. हा प्रश्न वर्गातून आला की मला कळते, धडा लागला. वनस्पतीच्या पेशीला पटलाबाहेर पेशीभित्तिका असते, लाल पेशीला नसते. फुगणाऱ्या पेशीला ती भिंत आवरून धरते, म्हणून काडी फुटत नाही, ताठ होते. वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी यांच्यातला फरक सांगणारा तक्ता पाठ करताना 'पेशीभित्तिका: आहे, नाही' एवढेच लक्षात राहते, भिंत असल्याने काय होते आणि नसल्याने काय, हे त्या तक्त्यात लिहिलेले नसते.

आता आपल्या मूळ प्रश्नाचा विचार करू. बदलावी की नाही, हे ठरवण्यापूर्वी मुलीची शिकवणीची वही उघडून पाहावी. बटाट्याच्या काड्यांची लांबी आधी किती, नंतर किती, हे तिच्या अक्षरात लिहिलेले आहे का? त्याखाली तिने स्वतःच्या शब्दांत तीन-चार वाक्यांचे उत्तर लिहिले आहे का, आणि मॅडमनी ते तपासले आहे का? असेल, तर शिकवणी बदलण्याचे मला तरी कारण दिसत नाही. चाचणीत झालेली चूक एका बैठकीत सुधारेल. वहीत काहीच नसेल, तर आपली तक्रार खरी आहे. प्रयोग झाला, मुले हसली-खेळली, घरी गेली, आणि लिहिण्याचा सराव झालाच नाही, असे होते. माझ्याकडेही झाले आहे. अशा वेळी मॅडमना नोट्स मागू नयेत. प्रत्येक प्रयोगानंतर त्याच दिवशी उत्तर लिहून घ्यावे, असे सांगावे. शिकवणारा माणूस ही सूचना मनावर घेतो, निदान मी तरी घेतली असती.

त्या चाचणीतल्या प्रश्नाला पूर्ण गुण देणारे उत्तर फार मोठे नसते. बाहेरचे मिठाचे द्रावण पेशीतल्या द्रावणापेक्षा तीव्र, म्हणजे अतिपरासारी आहे. म्हणून पाण्याचे प्रमाण पेशीच्या आत तुलनेने जास्त आहे. पाणी प्रद्रव्यपटलातून बाहेर जाते, याला बहिःपरासरण म्हणतात. आतले द्रव्य आक्रसून पटल पेशीभित्तिकेपासून सुटते, याला रसाकुंचन म्हणतात. एवढेच. यातले दुसरे वाक्य कुठल्याही व्याख्येत नसते. ते मुलीने स्वतः विचार करून घालायचे आहे, आणि तिचा शून्य त्याच वाक्यापाशी आला आहे.

तालुक्याच्या नोट्सबद्दल माझे मत थोडे मिश्र आहे. हा प्रश्न त्या नोट्समध्ये सोडवलेला असेल, तर हाच प्रश्न पुन्हा आल्यास मुलीला गुण मिळतील. कांद्याऐवजी लाल पेशी, मिठाऐवजी साखर, तीव्र द्रावणाऐवजी साधे पाणी असा फरक झाला की पाठ उत्तर कामी येत नाही, आणि अशी अदलाबदल करणे हे पेपर काढणाऱ्याचे रोजचे काम आहे. दुसरीकडे, पाठांतर मुळीच नको असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आंतर्द्रव्यजालिका, तंतुकणिका, लयकारिका, रिक्तिका ही नावे कुणाला समजून येत नाहीत. ती पाठच करावी लागतात, आणि शुद्ध लिहिण्यासाठी पाच-दहा वेळा गिरवावीही लागतात. आकृतीला नावे देणेही तसेच. त्यासाठी छापील नोट्स विकत आणल्या तरी हरकत नाही, पण तेवढ्यासाठी शिकवणी बदलून रोज तालुक्याला ये-जा करणे मला महाग वाटते.

आपण सातवी शिकलेले आहात, याची अडचण इथे फार नाही. आपल्याला उत्तर माहीत असण्याची गरजच नाही. मुलगी व्याख्या म्हणू लागली की मध्येच थांबवून 'कशाचे प्रमाण?' असे विचारावे, पुढे 'कशातून?' असे विचारावे, आणि शेवटी 'मग पेशीचे काय झाले?' असे विचारावे. ती अडखळली तर रागावू नये; जिथे अडखळली तो शब्द वहीत गोल करून ठेवायला सांगावे आणि मॅडमना दाखवायला सांगावे. आई लोणचे घालत असेल तेव्हा हेच प्रश्न स्वयंपाकघरात विचारता येतात.

शिवाय आपला तालुका खारपाणपट्ट्यातला आहे. पूर्णेच्या खोऱ्यातले खारे पाणी अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना नवे नाही. विहिरीला पाणी आहे, जमीन ओली दिसते, तरी खाऱ्या पाण्यावर पीक माना टाकते, हे आपण मुलीपेक्षा जास्त वेळा पाहिले असेल. तिला शेतात नेऊन विचारावे की ओल्या मातीत उभे असलेले झाड तहानलेले का दिसते. बाहेरच्या पाण्यात क्षार जास्त असले की मुळांच्या पेशींना पाणी आत घेणे अवघड जाते. बटाट्याच्या लुळ्या काडीचीच ही गोष्ट आहे. मात्र सगळे खापर परासरणावर फोडू नये. त्या पाण्यातला सोडियम काळ्या मातीला चिकट आणि घट्ट करतो, निचरा होत नाही, मुळांना हवा मिळत नाही, आणि हा भाग पेशीच्या धड्यात येत नाही. मुलीने 'सगळे परासरणामुळेच' असे म्हटले, तर तिला हा दुसरा भाग सांगणारे आपणच असाल.

बटाट्याचा प्रयोग घरी करताना एवढे सांभाळावे: काड्या एकाच बटाट्याच्या असाव्यात, साल काढलेली असावी, आणि कापून उघड्यावर ठेवू नयेत, नाहीतर वाळून लांबी आधीच बदलते. मिठाच्या पाण्यातली लुळी काडी दोन तासांनी साध्या पाण्यात टाकून पाहावी. पेशी जिवंत असतील तर ती हळूहळू पुन्हा ताठ होऊ लागते. रात्रभर मिठात राहिलेली काडी मात्र बहुधा तशी होत नाही, आणि का होत नाही हे मुलीला विचारता येईल.

तिची तयारी झाली असे वाटले की शेवटी एक प्रश्न विचारावा. मिठाच्या पाण्यात कांद्याच्या पेशीचे पटल आक्रसून भिंतीपासून सुटले; मग भिंत आणि पटल यांच्यामधल्या जागेत काय भरले आहे? बहुतेक मुले 'हवा' म्हणतात, काही 'काहीच नाही' म्हणतात. बरोबर उत्तर आहे, बाहेरचेच मिठाचे पाणी. कारण पेशीभित्तिका पाणी आणि मीठ दोघांनाही आत येऊ देते, अडवण्याचे काम फक्त पटल करते. आपली मुलगी 'हवा' म्हणाली, तर शनिवारी तिला मॅडमकडे हाच प्रश्न घेऊन पाठवावे. उकडलेल्या बटाट्याची काडीही सोबत द्यावी.